घाम वाळला पाहिजे! लोकर, सुती, पॉलिस्टर की मिक्स: दमट उन्हाळीत अंगावर काय घालायचं?



16 जून ते 15 ऑगस्ट ही मध्य प्रदेशातली मासेमारीची बंदी संपली, की आपल्याकडे वैनगंगेवर डोंगे पुन्हा पाण्यात उतरतात. नदीला न जोडलेल्या लहान तळ्यांना ही बंदी नसते, पण बहुतेकांचं खरं काम बंदी उठल्यावरच सुरू होतं. आणि नेमका हाच काळ अंगाला सर्वांत जड जातो. पाऊस थांबतो, ऊन निघतं, जमिनीतून वाफ उठते, वारा पडतो. जाळं दोनदा ओढलं की शर्ट अंगाला चिकटलाच. घरी येईस्तोवर मांड्या सोललेल्या, पाठीवर घामोळ्या, आणि पंधरा दिवसांत कमरेखाली नायटा. मग चार दिवस कामावर खाडा.

मागच्या हंगामात भरवेलीतल्या एका ओळखीच्या घरात याच गोष्टीवरून वाद रंगला. थोरला मुलगा खाणीत आणि धाकटा पाण्यावर. दोघांचेही कपडे आईच बाजारातून आणते. दुकानदार म्हणाला, "काकू, सुतीच घ्या, घाम पिते." धाकटा म्हणाला, "आई, सुती नको वं, ओलं झालं की दिवसभर वाळत नाही. मला ती खेळायची जाळीवाली बनियन आण." थोरला म्हणाला, "पॉलिस्टर घातलं की अंग भाजते." आणि आजोबा कोपऱ्यातून बोलले, "आमच्या वेळेस पाण्यापावसात घोंगडीच होती. ती काही वाईट नव्हती."

आम्ही हा वाद ऐकला आणि मग जरा खोलात गेलो. गंमत अशी निघाली, की चौघांचंही थोडंथोडं बरोबर होतं. कोण कधी बरोबर, एवढंच आज सांगतो.

आधी घामाचं काम समजून घेऊ

घाम येतो म्हणून गार वाटत नाही. घाम वाळतो म्हणून गार वाटतं. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला तर अंगातून सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सात लिटर साधं पाणी चुलीवर उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढी. उन्हात जाळं ओढणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. म्हणजे शरीराकडे थंड व्हायची सोय भरपूर आहे. पण जो घाम कपाळावरून टपकून डोंग्यात पडला किंवा शर्टातून पिळून काढला, त्याने काहीच गारवा दिला नाही. तो वाया गेला. वर अंगातलं पाणी आणि मीठ गेलं ते वेगळंच.

घाम वाळायला हवेत जागा पाहिजे. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर ती आणखी किती घेणार? हे मोजायची जुनी, साधी युक्ती आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्यावर वारा घालायचा. फडक्यातलं पाणी उडतं तसा पारा खाली येतो आणि एका जागी थांबतो. या आकड्याला आपण ओल्या फडक्याचं तापमान म्हणू. घामाने भिजलेलं आपलं अंगही त्या फडक्यासारखंच असतं, म्हणून हा आकडा आपल्या कामाचा.

आता दोन दिवस शेजारी ठेवून बघा. मे महिन्यातली दुपार घ्या: तापमान 42 अंश, आर्द्रता 15 टक्के. ओल्या फडक्याचं तापमान येतं साधारण 22 अंश. आता ऑगस्टच्या शेवटची दुपार घ्या: तापमान फक्त 32 अंश, पण आर्द्रता 85 टक्के. ओल्या फडक्याचं तापमान येतं जवळपास 30 अंश. मे महिन्यात ऊन भाजून काढतं हे खरं, गरम हवा आणि ऊन दोन्ही अंगाला तापवतात. पण तेव्हा घाम आला तसा उडतो. ऑगस्टमध्ये पारा दहा अंशांनी खाली असूनही घाम उडत नाही. म्हणूनच "ऊन तर काहीच नाही, मग जीव का घाबरते?" असं आपण विचारतो.

खाणीच्या नियमात दडलेला धडा

भरवेलीच्या माणसाला ही गोष्ट वेगळी सांगायची गरज नाही. इथली मॉईलची बालाघाट खाण जमिनीखाली खूप खोल जाते. आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खाणींत तिची गणना होते. खाली ऊन नाही, पण दगडाची ऊब आहे, पाणी आहे आणि हवा कोंडते. म्हणजे आपल्या ऑगस्टसारखीच हवा, वर्षाचे बारा महिने.

देशातल्या अशा खाणींसाठी 1961 चे धातू खाण विनियम आहेत. त्यात कामाच्या जागेची मर्यादा साध्या तापमानात दिलेलीच नाही. ती ओल्या फडक्याच्या तापमानात दिली आहे. कामाच्या जागी ते 33 अंशांच्या वर जाता कामा नये. आणि 30.5 अंशांच्या वर गेलं तर तिथे सेकंदाला किमान एक मीटर वेगाने हवा खेळती ठेवायची. सेकंदाला एक मीटर म्हणजे माणूस सावकाश चालतो तेवढा वेग, पंख्याचा मंद वारा.

नियम करणाऱ्यांना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, दमट जागी पारा किती वर आहे यापेक्षा घाम वाळतो की नाही हे महत्त्वाचं. दुसरी, हवा दमट झाली की वारा हाच एक आधार उरतो. अंगालगतची घामट हवा वारा उडवून नेतो आणि तिच्या जागी नवी हवा आणतो.

कापड निवडताना हेच दोन प्रश्न विचारायचे. या कापडातून वारा अंगापर्यंत पोचतो का? आणि या कापडात पाणी साचून राहतं, की लवकर निघून जातं?

सुती: घाम पितं, पण सोडत नाही

आपल्या भोवतालच्या हवेत नेहमीच थोडं पाणी असतं आणि धागे ते पीत असतात. साधारण हवेत 100 ग्रॅम कोरडा सुती धागा आपल्यात सुमारे 8 ग्रॅम पाणी धरतो. लोकरीचा धागा सुमारे 16 ग्रॅम धरतो. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. सगळा फरक इथून सुरू होतो.

सुती धागा घाम पितो, म्हणून अंगावर घेतल्या घेतल्या मऊ आणि कोरडा वाटतो. घाम थोडा येत असेल, बसून जाळं विणायचं असेल, बाजारात पाटी घेऊन बसायचं असेल, तर सुतीसारखं दुसरं काही नाही. मे महिन्याच्या कोरड्या उन्हातही ते चांगलं. ओलं झालं तरी कोरडी हवा त्याला वाळवत राहते आणि ओलं सुती अंगाला गारवा देत राहतं. डोक्याला ओला दुपट्टा बांधतो तो याच कारणाने.

गडबड होते ती घाम जास्त आणि हवा दमट असताना. सुती धागा पाणी पिऊन फुगतो. फुगला की विणीतली भोकं बुजतात आणि वारा आत यायचा थांबतो. कापड जड होतं, अंगाला चिकटतं, मांड्यांच्या सांध्यात आणि काखेत घासतं. धाकटा म्हणत होता ते हेच. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहून फेकजाळं टाकणाऱ्याची जाड सुती पँट दुपारपर्यंत वाळतच नाही. तीच ओल नायट्याला बोलावते.

पण सुती सुतीत फरक आहे. मलमल किंवा विरळ विणीचं पातळ सुती लवकर वाळतं आणि त्यातून वारा जातो. ड्रिल आणि जीन्सचं कापडही सुतीच असतं, पण भिजलं की गोणपाट. "सुती आहे ना" एवढं विचारून भागत नाही. कापड उजेडासमोर धरून बघा. भोकांतून उजेड दिसला तर वाराही जाईल. मात्र फार पातळ पांढरं सुती, त्यातही ओलं झालेलं, ऊन पुरतं अडवत नाही. भर दुपारी डोंग्यावर असाल तर जरा रंगीत आणि लांब बाह्यांचं बरं.

पॉलिस्टर: एका नावाखाली दोन वस्तू

थोरला म्हणाला पॉलिस्टरने अंग भाजतं. धाकट्याला तेच हवं होतं. दोघंही बरोबर, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळं कापड होतं.

पहिलं पॉलिस्टर म्हणजे घट्ट विणीचं, गुळगुळीत, चमकणारं कापड. लग्नातला चकाकणारा शर्ट, स्वस्तातलं झगमगीत कापड. हा धागा घाम पीत नाही, आणि वीण घट्ट असल्याने वाराही जात नाही. घाम कापड आणि कातडी यांच्यामध्ये अडकतो. दमट हवेत यापेक्षा वाईट काही नाही. थोरल्याची तक्रार या कापडाबद्दल होती.

दुसरं पॉलिस्टर म्हणजे होजियरीसारखं विणलेलं, बारीक भोकांचं, खेळाडूंच्या जर्सीचं कापड. इथेही धागा स्वतः पाणी पीत नाही. पण धाग्यात पुष्कळ बारीक तंतू असतात, त्यांच्या फटींतून पाणी वातीत रॉकेल चढतं तसं पसरतं. अंगावरचा घाम कापडाच्या मोठ्या भागावर पसरतो आणि लवकर उडतो. धागा फुगत नाही, त्यामुळे भोकं उघडी राहतात. पाण्यातून वर आलं, झटकलं, की बरंच पाणी निघून जातं.

दुकानात या दोघांत फरक ओळखायचा तर पाण्याचा एक थेंब कापडाच्या आतल्या बाजूवर टाका. दोन-चार सेकंदांत पसरून रुपयाएवढा डाग झाला तर कापड कामाचं. थेंब मण्यासारखा तसाच बसून राहिला तर ते घाम पसरवणार नाही. एक सावधगिरी अशी, की काही कापडांना हा गुण वरून औषध लावून दिलेला असतो. तो धुण्यात हळूहळू जातो. म्हणून चार धुण्यांनंतर थेंब पुन्हा टाकून बघा. आणि असे कपडे धुताना कापड मऊ करायचं सुगंधी द्रव घालू नका. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि पाणी पसरायचं थांबतं.

पॉलिस्टरचे दोन दोष मात्र खरे आहेत. पहिला, वास. अंगातलं तेल या धाग्याला चिकटून बसतं आणि त्यावर जंतू वाढतात. सुतीपेक्षा पॉलिस्टरला घामाचा वास लवकर येतो आणि लवकर जात नाही. रोजच्या रोज धुणं हाच उपाय. दुसरा दोष जिवाशी येऊ शकतो. पॉलिस्टर सुमारे 260 अंशांवर वितळतं, आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. इंजिनाच्या गरम नळीशी, डोंग्यावरच्या स्टोव्हशी, मासे भाजायच्या चुलीशी ज्याचं काम आहे, त्याने पॉलिस्टर घालून तिथे बसू नये. सुतीही पेटतं हे खरं, पण ते वितळून अंगाला चिकटत नाही.

मिक्स: मधला रस्ता, पण प्रमाण बघून

टेरीकॉट आपल्याकडे घरोघरी आहे. शाळेचा गणवेश, ऑफिसचा शर्ट, बहुतेक हेच. त्यात साधारण दोन भाग पॉलिस्टर आणि एक भाग सूत असतं. चुरगळत नाही, टिकतं, इस्त्री कमी लागते. म्हणून आईला ते आवडतं, आणि पैशाचा विचार केला तर तिचं बरोबरच आहे.

पण टिकाऊपणा आणि अंगाला बरं वाटणं या वेगळ्या गोष्टी. शर्टिंगचं टेरीकॉट बहुधा घट्ट विणलेलं असतं. त्यात सूत कमी, म्हणून घाम पिणं कमी. वीण घट्ट, म्हणून वारा कमी. दमट हवेत तो शर्ट दोन्हीकडून मार खातो. उलट सूत जास्त आणि पॉलिस्टर कमी असलेली पातळ होजियरीची टी-शर्ट घेतली, तर सुताचा मऊपणा मिळतो, आणि नुसत्या सुतीपेक्षा पाणी कमी साचतं. रोजच्या कामाला हा सौदा वाईट नाही.

गणवेशाच्या पँटीचं कापड पुष्कळदा पॉलिस्टर आणि व्हिस्कोसचं मिक्स असतं. व्हिस्कोस सुतापेक्षाही जास्त पाणी पितं आणि ओलं झालं की कमजोर पडतं. कोरड्या जागी चालेल, पाण्यावरच्या कामाला नको.

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणतो ते खरं का, हे शिवणीच्या आतून एक धागा काढून कळतं. चिमट्यात धरा, काडी लावा, खाली पाण्याची वाटी ठेवा. सुताचा धागा पटकन पेटतो, जळालेल्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर आधी आकसतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी उरतो. लोकरीला जळालेल्या केसांचा वास येतो, राख बोटाने चुरडते. राखेत कडक खडे लागले तर ते मिक्स. मणी गार झाल्याशिवाय हात लावू नका, चटका बसतो.

लोकर: आजोबांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका

दमट उन्हाळीत लोकर, हे ऐकूनच अंगाला खाज सुटते. पण लोकरीचा गुण विचित्र आहे. धाग्याचं बाहेरचं अंग पाणी झटकतं आणि आतला गाभा वाफ पितो. आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश पाणी आत घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. घामाचा वासही तिला कमी येतो. म्हणून मेरिनो मेंढीच्या अगदी बारीक लोकरीचे पातळ बनियन परदेशात उन्हाळ्यातही घालतात.

मग आपण का घालू नये? तीन कारणं आहेत. लोकर वाफ पिते तेव्हा स्वतः थोडी तापते, आणि ते दमट हवेत नको असतं. पूर्ण भिजली तर वाळायला वेळ लागतो. आणि आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड असते. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं कातडीला टोचतात. घामाने मऊ झालेल्या अंगावर ते सहन होत नाही. मेरिनोचा बनियन टोचत नाही, पण त्याची किंमत ऐकून आपण माघारी फिरू.

तरी आजोबांच्या बोलण्यात तथ्य होतं. ते दुपारबद्दल बोलत नव्हते. ते बोलत होते रात्री जाळं राखण्याबद्दल. दिवसभर घामाने आणि पाण्याने भिजलेलं सुती अंगावर, वरून पाऊस, आणि नदीवरचा वारा. पारा 24 अंश असला तरी माणूस कुडकुडतो, कारण तेच वाळणं आता नको असताना अंगातली ऊब ओढून नेतं. तिथे घोंगडी कामाला येते. भिजली तरी तिच्यात हवा साठून राहते आणि ऊब टिकते. म्हणून लोकर दिवसा घरी, रात्री डोंग्यावर.

घरच्या काट्यावर परीक्षा

आमचं ऐकूनच कापड घ्या असं आम्ही म्हणत नाही. आपल्या घरी मासे मोजायचा काटा असतोच. ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर उत्तम. घरातले तीन-चार जुने कपडे घ्या: एक सुती, एक टेरीकॉट, एक जर्सी. कोरडे असताना प्रत्येकाचं वजन लिहून ठेवा. मग तिन्ही एकाच बादलीत भिजवा, एकाच माणसाने सारख्याच जोराने पिळा आणि पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे कापडाने धरलेलं पाणी. मग छपरीत, सावलीत, एकाच दोरीवर पसरून टांगा आणि दर अर्ध्या तासाने वजन घ्या.

हिशेब कसा वाचायचा? समजा सुती शर्ट कोरडा 200 ग्रॅम आणि पिळल्यावर 360 भरला. म्हणजे त्यात 160 ग्रॅम पाणी. समजा जर्सी कोरडी 140 आणि पिळल्यावर 200. म्हणजे 60 ग्रॅम पाणी. सुरुवातीला दोन्ही कपड्यांतून पाणी जवळपास सारख्याच वेगाने उडतं, कारण दोन्ही ओलेच आहेत आणि वारा तोच आहे. समजा अर्ध्या तासाला 20 ग्रॅम. तर जर्सी दीड तासात कोरडी होते आणि सुती शर्टाला चार तास लागतात. जर्सीत काही जादू नाही. तिने पाणी धरलंच कमी, म्हणून ती आधी वाळली. हे आकडे आम्ही समजावण्यापुरते धरलेत, तुमच्या काट्यावर वेगळे येतील. पण ही परीक्षा दोन वेळा करा, एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा पाऊस थांबलेल्या दमट दिवशी. दमट दिवशी सगळेच किती मागे पडतात ते बघून थक्क व्हाल.

मग त्या घरात शेवटी काय ठरलं?

धाकट्यासाठी: अंगात सैल, लांब बाह्यांची, बारीक भोकांची जर्सी, थेंबाची परीक्षा करून घेतलेली. खाली पातळ, लवकर वाळणारी, सैल अर्धी पँट. कोरडी सुती चड्डी आणि लुंगी प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून डोंग्यात. काम संपलं की काठावरच अंग पुसायचं, मांड्यांचे सांधे कोरडे करायचे आणि ओलं बदलायचं. नायटा टाळायला कुठल्याही महाग कापडापेक्षा ही पिशवी जास्त कामाची. आणि नायटा झालाच तर दुकानातून कुणी सांगितलेलं मलम आणून लावू नका. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस थांबते आणि नायटा आतल्या आत पसरतो. डॉक्टरला दाखवा.

थोरल्यासाठी: खाणीत वरचे कपडे, टोप, बूट जे नियमाने घालायचे ते घालायचेच. त्यात आपली निवड चालत नाही. आपल्या हातात असतो तो आतला बनियन. आईने पातळ सुती होजियरीचे दोन आणले, एक घालायचा आणि एक डब्यासोबत. पाळीच्या मध्ये सुट्टीत बदलायचा. घट्ट विणीचं पॉलिस्टर आतून नाहीच.

इंजिन चालवणाऱ्या आणि चुलीवर बसणाऱ्या सगळ्यांसाठी सुतीच. बाजारात बसणाऱ्या आईसाठी स्वतःची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी. तिच्याइतकं बरं कापड दुकानात मिळत नाही, असं ती स्वतःच म्हणाली. आणि घोंगडी रात्रपाळीला डोंग्यावर, कोरड्या पिशवीत.

कापडाच्या हाताबाहेर गेलं की

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ओल्या फडक्याचं तापमान 30 च्या पुढे गेलं आणि वारा पडला, की कुठलंच कापड तुम्हाला वाचवत नाही. कापड वाळायला मदत करतं, पण हवाच पाणी घ्यायला तयार नसेल तर ते काय करणार? घरी मोजायचं असेल तर हवेचं साधं थर्मामीटर घ्या. ताप मोजायचं नको, त्याची पट्टी 35 अंशांच्या आसपासच सुरू होते. टोकाला ओलं मलमल गुंडाळा, पुठ्ठ्याने वारा घाला आणि आकडा स्थिर झाला की वाचा. आकडा 30 च्या वर दिसला की जाळं ओढायचं काम पहाटेवर ढकला, किंवा दर अर्ध्या तासाने सावलीत थांबा. मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा.

डोंग्यावरच्या कुणाला चक्कर आली, बोलणं अडखळायला लागलं, तो भलतंच बोलायला लागला, तर "थोडा घामेजला असेल" म्हणून सोडू नका. अंग घामाने ओलं असलं तरी तो उष्माघात असू शकतो. सावलीत आणा, शर्ट काढा, अंगावर पाणी ओता, दुपट्ट्याने वारा घाला आणि तसंच वारा घालत दवाखान्यात न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

थोरल्याच्या खाणीत ओल्या फडक्याचा आकडा बघायला माणूस असतो. आपल्या डोंग्यावर तो माणूस आपणच. मालकांनो, थर्मामीटर एका जाळ्याच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त येतं. या हंगामात एक घेऊन टाका.